पावणेदोन मिनिटांचं स्वागत

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदनाचं खातं माझ्याकडे आहे. नृत्य बसवणाऱ्या बाईंचं कौतुक होतं, नाटकवाल्या सरांचं होतं. निवेदन चांगलं झालं तर ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि खरं तर तसंच व्हायला हवं. फक्त सुरुवातीचं स्वागत त्याला अपवाद. ते पडलं की पुढचा अर्धा तास माईकवरून कोण काय बोलतंय याकडे मैदानातलं कुणी लक्ष देत नाही.

त्या वर्षी स्वागताला सातवीतली एक मुलगी होती. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे बोलताना हसू दाबायची सवय नाही. भाषण तिने घरूनच लिहून आणलं होतं. फुलस्केपची दोन पानं, दोन्ही बाजूंनी. त्यात शब्दसुमनं होती, सनई-चौघडे होते, ज्ञानमंदिर होतं, आणि एक शेर होता, जो मी दर डिसेंबरला कुठल्या ना कुठल्या वहीत वाचतेच. मी तिला घड्याळ लावून वाचायला सांगितलं. न अडखळता चार मिनिटं झाली.

"बाई, छान झालंय ना?"

"छान झालंय गं. पण हे कुठल्याही शाळेत चालेल. आपल्या मैदानात त्या संध्याकाळी कोण कोण बसलेलं असेल, ते सांग बघू."

ती सांगायला लागली आणि मी लिहून घेत गेले. मोबाइल वर धरलेले आई-बाबा. पुढच्या रांगेसाठी साडेचारलाच येऊन बसलेले आजोबा. पडद्यामागे मिशा चिकटवलेली मुलं. खुर्च्या मांडून मांडून दमलेले शिपाईमामा. आणि पहिलीची मुलं, ज्यांना दोन तास आधी रंगवून बसवलेलं असतं आणि ज्यांना नेमकं तेव्हाच शू लागते. हे शेवटचं लिहायचं का, असं तिने विचारलं. नको, म्हटलं. पण स्वागत आटोपशीर का हवं, याचं उत्तर तेच आहे.

मुलं मंचावरून मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द बोलतात. घाबरली की दीडशेवर जातात. म्हणून कागदावर दीडशे-पावणेदोनशे शब्दांच्या पुढे मी जाऊ देत नाही. शिवाय स्वागत म्हणजे प्रास्ताविक नव्हे. शाळेचा इतिहास, निकालाची टक्केवारी, नवी प्रयोगशाळा हे सगळं मुख्याध्यापकांच्या प्रास्ताविकात आणि अहवालवाचनात यायचंच असतं. पाहुण्यांची माहिती परिचय करून देणारा सांगतो. आभार शेवटी वेगळे. स्वागत करणाऱ्याने यातलं काहीही उचललं की पुढच्याचं ताट रिकामं होतं, आणि तो ते पुन्हा वाढून घेतोच. मग तीच माहिती तीनदा ऐकावी लागते.

नावांचा प्रश्न दरवर्षीचा. मंचावर किती खुर्च्या, कोण आधी, कोण नंतर, हे आदल्या दिवशी ठरतं आणि त्या दिवशी दुपारी बदलतं. सातवीच्या मुलीने सात-आठ नावं हुद्द्यांसकट बिनचूक घ्यावीत आणि नवव्यासाठी जागा ठेवावी, ही अपेक्षाच चुकीची. म्हणून स्वागतात 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर' एवढंच. नावं सत्काराच्या वेळी, गुलाबपुष्प हातात असताना. यावर एका पदाधिकाऱ्यांची नाराजी मला ऐकून घ्यावी लागली होती. घेतली.

त्या वर्षी प्रमुख पाहुण्या आमच्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकारी होत्या. हुद्दा लांब आणि मुलांना गंमत वाटणारा. पण आमच्या पालकांपैकी निम्म्यांच्या गोठ्यात त्यांचे पाय लागलेले, त्यामुळे ओळख करून द्यायची गरजच नव्हती. योगायोग असा, की पाचवीच्या नाटकात एक गाय होती. पुढचे पाय एका मुलाचे, मागचे दुसऱ्याचे, वरून गोधडी. मुलीने हे आठवून एक वाक्य लिहिलं आणि मला दाखवताना स्वतःच खुदकन हसली. मी त्या वाक्याला हात लावला नाही.

शेवटी जे भाषण ठरलं, ते असं:

"नमस्कार! मोबाइल उंच धरून आपापलं मूल शोधणाऱ्या आई-बाबांनो, तुम्हाला पहिला नमस्कार. मूल आत्ता दिसणार नाही. ते पडद्यामागे मिशी चिकटवून बसलंय आणि त्याला शिंक येतेय.

पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांनो, तुमचं स्वागत. तुम्ही साडेचारला आलात, कार्यक्रमपत्रिकेत पाच लिहिलंय, आणि आता किती वाजलेत ते मी सांगणार नाही.

व्यासपीठावरील सर्व मान्यवरांचं आणि मुख्याध्यापक सरांचं मनापासून स्वागत. आपल्या प्रमुख पाहुण्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकारी आहेत. मॅडम, तुमचं विशेष स्वागत आणि एक विनंती. आज पाचवीच्या नाटकात एक गाय येणार आहे. तिचे मधूनच दोन तुकडे झाले तर घाबरू नका. आम्ही सुई-दोरा घेऊन तयार आहोत.

ज्या खुर्च्यांवर आपण बसलोय, त्या सकाळपासून मांडणाऱ्या आमच्या मामांचं आणि मावशींचंही स्वागत. आता तुम्हीही बसा.

आणि पहिलीच्या दोस्तांनो, नाच विसरलात तर समोर बाई करून दाखवतील. बाईही विसरल्या तर आठवेल ते करा. टाळ्या आम्ही वाजवू.

माझं बोलणं संपलं. मान्यवरांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करते."

यात 'करण्यात येत आहे' कुठेच नाही, हे मुद्दाम. समोर उभं राहून बोलणारी मुलगी 'स्वागत करते' म्हणेल. 'स्वागत करण्यात येत आहे' हे सूचनाफलकाचं काम.

तालमीत दोन गोष्टींवर वेळ गेला. पहिली माईकची. 'प्रमुख पाहुण्या' या दोन शब्दांत ओठ मिटून उघडणारा 'प' दोनदा येतो आणि तोंडासमोर माईक असला की तो स्पीकरमधून फट फट असा फुटतो. तोंडासमोर तळहात धरून 'प' म्हणून बघा, वाऱ्याचा फटका बसतो. तोच माईकला बसतो. उपाय साधा. माईक हनुवटीच्या खाली, चार बोटं लांब, किंचित बाजूला धरायचा. वारा वरून निघून जातो आणि आवाज तेवढा माईकमध्ये उतरतो. शिवाय माईक शिट्टी मारायला लागला की मुलं घाबरून त्याच्या जाळीवर हात ठेवतात. त्याने शिट्टी वाढते. हात काढायचा आणि स्पीकरच्या समोरून मागे सरकायचं, एवढंच.

दुसरी गोष्ट हशाची. रिकाम्या सभागृहात कुणी हसत नाही, म्हणून मूल गमतीचं वाक्य बोलून थेट पुढच्या वाक्यावर जातं. खऱ्या कार्यक्रमात मग हशा आणि पुढचं वाक्य एकमेकांवर आदळतात. वाक्य वाया जातं आणि लोकही हसायचे थांबतात, कारण त्यांना वाटतं आपलं काही ऐकायचं राहतंय. म्हणून मी आठवीचा अख्खा वर्ग तालमीला आणून बसवला आणि सांगितलं, हसू आलं तरच हसा. हशा चढतो, टोकाला जातो, उतरायला लागतो. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर सगळं गार होतं. उतरायला लागला की बोलायचं. तिला हे समजावून जमलं नाही, आठवीने हसून दाखवल्यावर लगेच जमलं. आणि कुणी हसलंच नाही तर? तर ते वाक्य गमतीचं नव्हतंच, असं समजून पुढे जायचं. समजावून सांगायचं नाही, पुन्हा म्हणायचं नाही.

भाषण मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांवर मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं. फुलस्केप हातात थरथरतो आणि माईकजवळ त्याचा सळसळाट होतो. कार्डांना कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवला, कारण खाली पडलेली सुटी कार्डं मंचावर ओणवं होऊन गोळा करणारा निवेदक मी पाहिलेला आहे.

पाहुण्यांच्या गाडीला उशीर झाला. मैदान भरलेलं, लहान मुलं रडकुंडीला, ध्वनिक्षेपकवाला तीच ती गाणी लावतोय. मॅडम आल्या, मंचावर बसल्या, आणि मुलगी माईकपाशी गेली. पहिली गंमत सपशेल पडली. मोबाइलवाले आई-बाबा मोबाइलमध्येच होते, शिंकेचं वाक्य गर्दीच्या आवाजात बुडालं. ती एक श्वास थांबली आणि पुढे गेली. आजोबांच्या वाक्याला पुढच्या दोन रांगा हसल्या. तो हसण्याचा आवाज ऐकून मागचे बघायला लागले की काय चाललंय. तिथून मैदान तिच्या ताब्यात आलं. गायीच्या वाक्याला असा हशा झाला की तिला आठवीने शिकवलेला सगळा धीर लागला. मी विंगेत घड्याळ धरून उभी होते. हशांसकट पावणेदोन मिनिटं. समई पेटवायला मान्यवर उठले तेव्हा मैदान शांत होतं. आमच्याकडे दीपप्रज्वलनाच्या वेळी लोक खुर्च्या ओढत असतात.

मामा-मावशी मात्र बसले नाहीत. मागे भिंतीला टेकून उभेच राहिले. पण त्यांच्या नावाने टाळ्या वाजल्या, तेव्हा मावशींनी पदर सावरला आणि मामांनी उगाचच वायर सरळ केली.

पुढे प्रास्ताविक रीतसर लांबलं, अहवालवाचन त्याहून लांबलं. मग पाहुण्यांचं मनोगत. मॅडम माईकपाशी आल्या, हातातला कागद मिटून ठेवला आणि म्हणाल्या, "ते सुई-दोऱ्याचं ठीक आहे. पण गायीला लाळ्या-खुरकुताची लस टोचून घेतली आहे का, ते आधी सांगा."

मागच्या रांगांमधले शेतकरी पालक खो खो हसायला लागले. तेवढ्यात पडद्यामागून मागच्या पायांचा आवाज आला, "मला नाही टोचली, बाई! याला विचारा!"

नाटकवाले सर कपाळावर हात मारून आत धावले. निवेदनाच्या कार्डांवर या प्रसंगासाठी अर्थातच काही लिहिलेलं नव्हतं. मुलीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि ती माईकवर म्हणाली, "मॅडम, लसीकरण मध्यंतरात करू."