डाव्या कडेला गेलेला दोन

फोटोच्या कडेला कापला गेलेला आकडा कापलेला दिसणारच, असं मी धरून चालले होते. डाव्या कडेला तो तसा दिसत नाही. ‘230°’मधला 2 फोटोबाहेर राहिला की उरतं ‘30°’, आणि ते अंशाच्या चिन्हासकट अगदी पूर्ण दिसतं. उजव्या कडेला शेवट तुटतो. तिथे अर्धं चिन्ह किंवा लटकलेली वजाबाकी दिसते आणि निदान शंका तरी येते. हा फरक मला चुका करून कळला, आणि त्या चुका माझ्या भाचीच्या वहीत उतरल्या.

ती दहावीत आहे. क्लासमध्ये भूमितीची सरावपत्रिका मिळाली, की अडलेल्या गणिताचा फोटो ती मला पाठवते आणि मी सोडवून परत पाठवते. एकदा वर्तुळाचं गणित आलं. केंद्र O, वर्तुळावर P, Q, R, S हे बिंदू, आणि चक्रीय चौकोन PQRS. S डावीकडे, Q उजवीकडे. वर्तुळाबाहेर उजव्या बाजूला कंस PQ जवळ 70° लिहिलेलं, आणि डाव्या बाजूला, कंस PSR च्या बाहेर, फोटोच्या अगदी कडेला 30°. विचारलं होतं: ∠PQR, ∠PSR आणि कंस QR चं माप काढा.

मी लगेच सोडवलं. अंतर्लिखित कोन हा त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मा असतो. ∠PQR कंस PSR अंतर्खंडित करतो, म्हणून 15°. उरलेला कंस PQR 330°, म्हणून ∠PSR 165°. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात, आणि 15 + 165 = 180. पडताळा जुळला. कंस QR आला 330 − 70, म्हणजे 260°. “मावशी, हा कंस एवढा मोठा कसा?” असं तिने विचारलं होतं. आकृती प्रमाणात काढलेली नसते, असं मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांनी फळ्यावर ∠PQR = 115° लिहिलं. पत्रिकेत 230° छापलं होतं.

मला जास्त लागलं ते हे, की तिची शंका बरोबर होती आणि मी ती मोडून काढली. पण गणित म्हणून विचार केला तर खरी चूक पडताळ्यावर विसंबण्यात होती. कंस PSR चं माप a धरलं तर एक कोन a/2 आणि दुसरा (360 − a)/2. त्यांची बेरीज 180 येते, a काहीही असो. 30 घाला, 130 घाला, 230 घाला, बेरीज जुळणारच. म्हणजे त्या बेरजेने माझा भागाकार बरोबर आहे एवढंच सांगितलं. मी आकडा नीट वाचला की नाही, याबद्दल ती काहीच सांगू शकत नव्हती, कारण ती त्याच वाचलेल्या आकड्यातून निघाली होती.

मग तो 2 मला कुठून कळू शकला असता? पुरावा फोटोतच होता. P आणि R या बिंदूंवर कागदाची सरळ कड ठेवून मी नंतर पाहिलं, तर केंद्र O त्या जीवेच्या डाव्या बाजूला, S च्याच बाजूला होतं. केंद्र ज्या बाजूला असतं त्या बाजूचा कंस विशालकंस, 180° पेक्षा मोठा. म्हणजे PSR 30° असूच शकत नाही, आणि 130° सुद्धा नाही. शेवटचे अंक 30 दिसतात, तर राहिले 230 किंवा 330. आणि कंस PQ 70° आहे. PSR 330° धरला तर PQR साठी उरतात फक्त 30°, त्यात 70° चा कंस मावत नाही. म्हणून 230. मग कंस QR होतो 60°, ∠PQR 115°, ∠PSR 65°. पत्रिका पुन्हा न बघता हे सगळं काढता आलं असतं.

आकृती प्रमाणात नसते हे मी तिला सांगितलं ते अर्धवट होतं. छापील आकृतीत लांबी आणि कोनांची मापं विश्वासाची नसतात, पण कोणता बिंदू कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला, वर्तुळावर कोणानंतर कोण, केंद्र चौकोनाच्या आत की बाहेर, या गोष्टी आकृती काढणारा सहसा बिघडवत नाही, कारण त्या बिघडल्या तर गणितच वेगळं होतं. हाताने घाईत काढलेल्या वर्तुळात मात्र केंद्राचा बिंदू कुठेही पडू शकतो. तिथे या पुराव्यावर मी आता पूर्ण भार टाकत नाही.

दुसरा पुरावा आकृतीच्या खाली होता. प्रश्नाची पहिली ओळ त्याच डाव्या समासापासून सुरू होत होती, आणि फोटोत ती ‘कृतीत केंद्र O असलेल्या…’ अशी सुरू होते. ‘आकृतीत’मधला ‘आ’ गेला होता. मी ती ओळ वाचली होती आणि मनातल्या मनात ‘आकृतीत’ अशीच वाचली होती. भाषेत गळलेलं अक्षर मन भरून काढतं, म्हणून मला ते गळलेलं दिसलंच नाही. आकड्यात तसं भरून काढायला काही नसतं. आता फोटो आला की मी आकृतीकडे जाण्याआधी प्रत्येक ओळीची सुरुवात आणि शेवट बघते. प्रश्नाचा क्रमांक दिसतो का, ओळीचं पहिलं अक्षर शाबूत आहे का. ते गेलं असेल तर त्याच उभ्या पट्टीतला प्रत्येक आकडा संशयित धरायचा, कितीही पूर्ण दिसला तरी.

बिंदूंच्या नावांचं तितकंसं भय नाही. खालच्या कडेला Q ची शेपटी कापली गेली तर तो O दिसतो, E चा खालचा दांडा गेला तर F दिसतो. पण नावं प्रश्नाच्या मजकुरात पुन्हा येतात, आणि चौकोन PQRS म्हटलं की शिरोबिंदू त्याच क्रमाने लागतात, म्हणून अक्षर परत मिळवता येतं. मापं पुष्कळदा फक्त आकृतीत असतात.

उजव्या कडेची चूक वेगळ्या जातीची होती. त्रिकोण ABC, रेख DE ∥ बाजू BC, D बाजू AB वर आणि E बाजू AC वर. डावीकडे AD = x, DB = x − 3. उजवीकडे AE = x + 3, आणि EC च्या जवळ फोटोत फक्त x. x ची किंमत काढा. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय लावलं तर AD × EC = DB × AE, म्हणजे x · x = (x − 3)(x + 3). उजवी बाजू x² − 9. दोन्हीकडचा x² गेला आणि उरलं 0 = −9.

इथे बीजगणिताने स्पष्ट सांगितलं होतं की दिलेल्या माहितीत काहीतरी चुकलंय. मी मात्र आधी स्वतःचा गुणाकार पुन्हा तपासत बसले. नंतर फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा x च्या पुढे, अगदी कडेला, एक छोटी आडवी रेघ दिसली. ते x वजा काहीतरी होतं.

त्या काहीतरीला k म्हणून सोडवलं तेव्हा गणित मोकळं झालं. x(x − k) = x² − 9, म्हणून kx = 9, x = 9/k. आता DB ही लांबी आहे, म्हणजे x − 3 धन हवा, x तीनपेक्षा मोठा हवा, म्हणून k तीनपेक्षा लहान. k पूर्ण संख्या असेल तर 1 किंवा 2, तिसरा पर्यायच नाही. कापल्या गेलेल्या आकड्याला आकृतीच्या अटींनी इतकं जवळ आणून ठेवावं, याचा मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात मी पुढची पायरी घाईने टाकली. k = 1 घेतला तर x = 9, बाजू 9, 6, 12, 8, सगळ्या पूर्ण संख्या. k = 2 घेतला तर x = 4.5, बाजू 4.5, 1.5, 7.5, 2.5. पहिलं उत्तर सुबक आहे, शिवाय फोटोत D हा AB च्या मध्याजवळ दिसत होता, आणि 9 : 6 हे गुणोत्तर 4.5 : 1.5 पेक्षा त्या चित्राला जवळचं. मी तिला x = 9 लिहायला सांगितलं.

पत्रिकेत x − 2 होतं. उत्तर 4.5.

दोन्ही उत्तरं प्रमेयाच्या कसोटीला उतरतात: 9/6 आणि 12/8 दोन्ही 1.5, 4.5/1.5 आणि 7.5/2.5 दोन्ही 3. त्यांच्यात निवड करायला भूमितीकडे काही उरलं नव्हतं. सुबक उत्तर येणं ही पत्रिका काढणाऱ्याची सवय असू शकते, पुरावा नव्हे. आणि D मध्याजवळ दिसतो हे मी लांबीवरून ठरवलं, जिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे मीच तिला वर्तुळाच्या गणितात शिकवलं होतं. वर्तुळात आकृतीवर विश्वास ठेवायला हवा होता तिथे मी ठेवला नाही, आणि त्रिकोणात ठेवायला नको होता तिथे ठेवला.

मी तिला एवढंच लिहायला हवं होतं: “EC वर x वजा किती आहे ते बघ. 1 असेल तर उत्तर 9, 2 असेल तर 4.5.” पत्रिका तिच्यासमोर होती. तिला नुसती नजर टाकायची होती.

आता आमचा क्रम ठरला आहे. गणित आलं की मी संशयित मापाच्या जागी अक्षर ठेवून सोडवते. उत्तरात ते अक्षर उरलंच नाही तर आकडा कापला गेला तरी बिघडत नाही. उरलं, तर आकृतीतल्या बाजू आणि क्रम लावून किती पर्याय राहतात ते पाहते. एकच राहिला तर तो आणि त्याचं कारण तिला कळवते, जास्त राहिले तर पूर्ण पानाचा फोटो न मागता फक्त त्या कडेचा, जवळून काढलेला फोटो मागवते.

कधीकधी तोही कामाचा नसतो, कारण आकडा फोटोत नव्हे, झेरॉक्समध्येच कापलेला असतो. तुटलेल्या आकड्याच्या पुढे कागदाची कोरी पट्टी आणि पानाची कड दिसत असेल, तर कितीही फोटो काढले तरी आकडा येणार नाही. अशा वेळी दुसऱ्या मुलीची पत्रिकाही तीच झेरॉक्स असते, म्हणून सरांनाच विचारावं लागतं. विचारायला वेळ नसेल तर भाची उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहिते, ‘आकृतीत EC = x − 2 आहे असे मानून’, आणि मग सोडवते. तपासणाऱ्याला तिची रीत दिसते, आणि आकडा दुसरा निघाला तर नेमकी कोणती ओळ बदलायची हेही दिसतं.