पिठलं जर्मनमध्ये

खटकचिंचोळीला, बीदरच्या आमच्या भागात, पिठलं कुणी वाचून करत नाही. वाटीभर बेसन, अडीच वाट्या पाणी, लसणाची फोडणी आणि एक वाफ, एवढ्यात कृती संपते. ती जर्मनमध्ये लिहायला घेतली तेव्हा पहिली अडचण वाटीचीच आली. जर्मन स्वयंपाकघरात पीठ तराजूवर तोलतात, पाणी मिलिलिटरमध्ये मोजतात. म्हणून आमची वाटी मोजून घेतली. तिच्यात दीडशे मिलि पाणी मावतं आणि बेसन सैल भरलं तर सुमारे सत्तर ग्रॅम. तेव्हा सत्तर ग्रॅम पिठाला पावणेचारशे मिलि पाणी, असं लिहिलं.

जिऱ्याला मात्र फार जपावं लागतं. जर्मनमध्ये नुसतं 'क्युमेल' लिहिलं तर वाचणारा जिरं नव्हे, राय धान्याच्या पावात पडणारी कॅरवे घालणार, आणि पिठल्याला बेकरीचा वास येणार. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. मोहरीही तिथे बहुधा पिवळी मिळते, म्हणून 'काळी किंवा तपकिरी' हे लिहायलाच हवं.

फोडणीला जर्मनमध्ये एका शब्दाचं क्रियापद नाही. 'आनब्राटन' म्हणजे गरम तेलात वरून तांबूस करणं. तेवढंच लिहिलं तर माणूस मोहरी, लसूण, हळद सगळं एकदम कढईत टाकील. त्यापेक्षा क्रम उलगडून सांगितलेला बरा. दोन मोठे चमचे तेल तापवा, त्यात मोहरीचा एकच दाणा टाका. तो तडतडला की बाकीची मोहरी घाला. तडतड मंदावली की जिरं, मग ठेचलेला लसूण आणि मिरची. लसणाच्या कडा बदामी झाल्या की चिमूटभर हिंग, आणि हळद सगळ्यात शेवटी, कढई बाजूला घेतल्यावर. हे बाजूला घेणं मी मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे गॅस बारीक केला की आच लगेच उतरते, पण तिथल्या काचेच्या सपाट शेगड्या बंद केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात, आणि तेवढ्यात हळद करपून कडू होते.

फोडणीला सेकंद मी दिले नाहीत. कढईची जाडी नि शेगडी बदलली की सेकंद चुकतात, तडतड नाही चुकत.

'एक वाफ काढणे' याला मात्र वेळ द्यावा लागला. झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर पाच मिनिटं. जोडीला खूण: कच्च्या पिठाचा वास गेला पाहिजे आणि पिठलं चमच्यावरून धारेने न पडता थबकत पडलं पाहिजे. तिथलं चण्याचं पीठ कधी पाणी जास्त पितं. म्हणून शेवटची ओळ अशी: घट्ट वाटलं तर पन्नास मिलि गरम पाणी घाला, गार नको, गाठी होतात.