पौर्णिमेची पूजा आणि दोन भाषांतली कथा

गेल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला आमच्या शेजारच्या नव्या जोडप्याने पहिल्यांदाच सत्यनारायण घातला. सून धारवाडची, घरात कन्नड बोलणारी, सासर मराठी. पूजा सांगायला भटजी येणार होते, पण त्यांना साडेसहाला दुसरीकडे जायचे होते. "सर, कथा तुम्ही वाचाल का?" असे तिने विचारले, म्हणून आदल्या रात्री बसून आम्ही सगळा क्रम कागदावर उतरवला. पहिल्यांदा पूजा घालणाऱ्यांना तो उपयोगी पडेल.

दिवस निवडताना पंचांगात पौर्णिमा कधी सुरू होते आणि कधी संपते ते पाहावे. ही पूजा संध्याकाळची. म्हणून ज्या संध्याकाळी पौर्णिमा असते तो दिवस धरायचा. काही वेळा तो कॅलेंडरवर छापलेल्या पौर्णिमेच्या आदला दिवस निघतो. त्या दिवशी जमलेच नाही तरी हरकत नाही, कारण कथेतच कोणत्याही दिवशी हे व्रत करायला मुभा आहे.

पाचला मांडणी पूर्ण झाली. चौरंगाला चार केळीचे खुंट, मध्ये तांदळाच्या राशीवर पाण्याचा कलश, त्यात सुपारी, नाणे, आंब्याची पाने. कलशावर तांदूळ भरलेले ताम्हन आणि त्यात बाळकृष्ण. पुढे गणपतीची सुपारी आणि नवग्रहांच्या नऊ सुपाऱ्या. नंतर आचमन, संकल्प, गणपतीपूजन, कलश, नवग्रह आणि मग मुख्य देवाची पंचामृती पूजा, तुळस वाहणे, नैवेद्य. संकल्पात लागणारी नावे आणि गोत्र चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवावीत, म्हणजे ऐन वेळी फोनाफोनी होत नाही.

खरी अडचण कथेची. अध्याय पाच. बऱ्याच घरी ते भराभर वाचले जातात, आणि दुसऱ्या अध्यायापासून पाहुणे हळू आवाजात गप्पा मारू लागतात. कथा कोणाला कळत नाही याची ही खूण. इथे तर निम्मे पाहुणे कन्नड बोलणारे. म्हणून पहिला, तिसरा आणि पाचवा अध्याय मी मराठीत वाचला. दुसरा आणि चौथा सुनेने कन्नड पोथीतून. प्रत्येक अध्यायानंतर घंटा वाजवून अक्षता वाहिल्या आणि दुसऱ्या भाषेत चार वाक्यांत सारांश सांगितला. काशीचा गरीब ब्राह्मण आणि मोळीविक्या तिने सांगितले, साधुवाण्याचा विसरलेला नवस मी. चौथ्यात कलावती नवरा परत आल्याचे कळताच प्रसाद टाकून धावते, तेव्हा दारापाशी उठू लागलेल्या दोन बायका हसून परत बसल्या. सगळे मिळून पाऊण तास लागला.

प्रसादाचे नाव इथे दोन्ही भाषा जोडते. कानडी घरांत त्याला 'सपाद' म्हणतात; सपाद म्हणजे पावासहित एक, आणि आपला 'सव्वा' त्याच शब्दातून आला. चाळीस जणांना थोडाथोडा द्यायला सव्वा पाव, म्हणजे सुमारे ३१० ग्रॅम रवा पुरला. तेवढेच तूप, तेवढीच साखर, तेवढेच दूध आणि चार पिकलेली केळी. पण केवळ तेवढ्या दुधात रवा शिजत नाही, कचकच राहतो. म्हणून दुधाइतकेच उकळते पाणी वेगळे घ्यावे. तुपात रवा मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावा, केळी त्यातच परतावी, मग दूध-पाणी घालून वाफ आणावी. दाणा बोटात चिरडून पाहावा; मऊ झाल्यावरच साखर घालावी. साखर आधी पडली तर रवा आकसतो आणि पुढे कितीही वाफ दिली तरी मऊ होत नाही. रवा नको असेल तर कथेत गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ आणि साखरेऐवजी गूळही चालतो.

सातला आरती, मंत्रपुष्प, मग तीर्थप्रसाद. पाचव्या अध्यायात तुंगध्वज राजा वडाखाली पूजा करणाऱ्या गवळ्यांचा प्रसाद नाकारतो आणि सर्वस्व गमावतो. परत जाऊन त्यांच्याच हातचा प्रसाद घेतो तेव्हा सावरतो. हा अध्याय वाचून झाल्यावर पंक्तीत कोण कुठे बसणार हा प्रश्न उरत नाही. सासूबाईंनी पहिला द्रोण खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या गवंड्यांकडे धाडला आणि मग घरच्यांना वाढायला घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता वाहून उत्तरपूजा झाली, कलशातले पाणी तुळशीला घातले आणि केळीचे खुंट परसात रोवले.