आजीचा आवाज, मावशीचा मोबाईल

आजीनं सांगितलेली गोटमारीची आठवण रेकॉर्ड केली. मागं जाम नदीवरचा पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा गलका नि ढोल. हेडफोनवर सारं स्वच्छ. तपासायला सौंसरच्या मावशीच्या मोबाईलवर लावलं. ती म्हणे, “काय बोलून राह्यली बाई? नुसता गलकाच आयकू येते!”

मोबाईलच्या बारक्या स्पीकरात ढोलाची घुम निघतच नाही. उरतो गलका, तोही बोलण्याच्याच पट्ट्यात. आजीचे स, च, त त्यात बुडतात. तिचा आवाज चढवला तर कानाला टोचते. म्हणून ती बोलते तेवढ्यापुरता गलक्याचाच 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग 4 डेसिबल उतरवला. मग मोनो करून, पंखा चालू ठेवून, हळू आवाजात लावलं. मावशीला ‘सावरगाव’ नीट आयकू आलं. लॅपटॉपवर ढोलाची घुम अजूनही नाही, थाप तेवढी येते. राहू दे बाप्पा.