टेम्पर म्हणजे फोडणीच का?

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. कस्टर्डच्या कृतीत ‘अंडी टेम्पर करा’ असं वाचून तू अडलीस, कारण टेम्परिंग म्हणजे फोडणी एवढंच आपल्याला ठाऊक. आपल्या पाककृती इंग्रजीत लिहिताना फोडणीला तो शब्द वापरतात हे खरं, पण अंड्यांच्या टेम्परिंगचा तेल-मोहरीशी काहीही संबंध नाही. चॉकलेटचं टेम्परिंग आणखी वेगळं, त्यात चॉकलेट वितळवून बेताबेतानं निववतात, म्हणजे ते चकचकीत आणि कुरकुरीत थिजतं.

अंड्यांच्या टेम्परिंगसारखं काम तू रोज करतेस गं! गरम रश्श्यात दही घालायचं असलं की आधी घोटलेल्या दह्यात डावभर रस्सा कालवतेस, मग ते पातेल्यात ओततेस. एकदम घातलं तर दही फुटतं. बलकाचंही तसंच, एकदम चटका बसला की तो शिजून गोळा होतो.

अर्धा लिटर दुधाला चार बलक आणि साठेक ग्रॅम साखर घे. बलक आणि साखर वाडग्यात फेट. वाडग्याखाली ओलं फडकं ठेव, म्हणजे तो सरकणार नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतील. दुधाला कडेनं बुडबुडे आले की उतरव. बारीक धारेनं साधारण निम्मं दूध बलकात ओत, दुसऱ्या हातानं फेटणं थांबवू नकोस. मग सगळं परत पातेल्यात घालून अगदी मंद आचेवर लाकडी चमच्यानं तळापासून हलवत राहा. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि त्यात बोटानं ओढलेली रेघ मिटली नाही, की झालं. उकळी मात्र येऊ द्यायची नाही. बारीक कण दिसले तर लगेच गाळून पातेलं गार पाण्यात ठेव. भुर्जीसारखे गोळे झाले तर उपाय नाही.

पुढच्या पानावरच्या केकच्या कृतीतलं ‘फोल्ड’ म्हणजे ढवळणं नव्हे. फेटलेल्या अंड्यात हवा असते, ती राखायची. चपट्या उलथन्यानं मधोमध खाली जायचं, तळाशी घासून कडेनं वर यायचं आणि मिश्रण अलगद उलटायचं. सुका मैदा दिसेनासा झाला की थांबायचं, जास्त हलवलं तर केक बसतो.

‘ब्लांच’साठी पालक खळखळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात घाल. हे गार पाणी चुकवू नकोस, नाहीतर पानं स्वतःच्याच उष्णतेनं शिजत राहतात आणि हिरवेपणा जातो. वाफवणं निराळं.

आणखी कुठे अडलीस तर नुसता शब्द पाठवू नकोस, आख्खं वाक्य उतरवून पाठव. पातेल्यात काय आहे ते कळल्याशिवाय मला नीट सांगता येणार नाही.

तुझी,
शैला