एका पातेल्यातली मेंदी, दोन डोकी

सासूबाईंचे केस पांढरेशुभ्र. माझे भांगात आणि कानशिलांपाशी पांढरे, बाकी अजून काळे. मेंदी दोघींची एकाच पातेल्यात भिजते, एकाच रविवारी लागते, पण धुतल्यावर आम्ही दोघी दोन रंगांच्या निघतो. त्यांचं सगळं डोकं केशरी-तांबूस. माझे पांढरे केस तसेच तांबूस, आणि काळ्या केसांत फक्त उन्हात उभी राहिले तर दिसणारी लाली. मेंदी केसांचा मूळचा रंग काढत नाही, त्याच्यावर आपला रंग चढवते. त्यामुळे पाकिटावरच्या बाईची छटा कुठली, यापेक्षा आपल्या डोक्यावर किती पांढरं आणि किती काळं आहे, हे आधी आरशात बघावं.

खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण 100 ग्रॅम मेंदी पुरते. मी ती आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवते, त्यात एक लिंबू पिळते आणि झाकून ठेवते. पानातलं रंगद्रव्य, लॉसोन, अशा किंचित आंबट ओलाव्यात हळूहळू सुटतं. थंडीत त्याला पूर्ण रात्र लागते. मे महिन्यात मात्र चार-पाच तासांतच वरचा थर तपकिरी होतो आणि ढवळलं की आत हिरवं दिसतं. तरी मी तळहातावर ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसून बघतेच. केशरी डाग उमटला तर मेंदी तयार. दिवसभराहून जास्त ठेवली तर रंग उलट फिका पडतो.

सासूबाईंचा आग्रह दह्याचा आणि लोखंडी कढईचा. दह्याला मी ठाम नकार दिला. लॉसोन चिकटतं ते प्रथिनांना. केस प्रथिनांचेच, पण दही आणि अंडंही प्रथिनांचंच, म्हणजे थोडा रंग तिथेच अडकणार. केस मऊ हवे असतील तर दही वेगळ्या दिवशी लावावं. कढईचं त्यांचं म्हणणं मात्र खरं आहे. आंबट मेंदीत लोह उतरतं आणि छटा तपकिरीकडे झुकते. पण पुढे कधी पार्लरमधला रंग लावायचा विचार असेल तर स्टीलचं किंवा काचेचं भांडंच बरं, कारण केसांवर राहिलेल्या धातूचं तिथल्या रसायनांशी जमत नाही.

किती वेळ ठेवायची, यावर आमच्या घरी बरेच वाद झाले. शेवटी मी त्यांच्या कंगव्यातले पांढरे केस जमवले, दोऱ्याने त्यांच्या तीन जुड्या बांधल्या आणि त्याच मेंदीत बुडवून झाकून ठेवल्या. एका तासाने काढलेली जुडी फिकट, पिवळसर केशरी निघाली. दोन तासांची चांगली तांबूस होती. चार तासांची आणखी गडद झाली, पण एक आणि दोन तासांत जेवढा फरक पडला होता तेवढा नाही. सासूबाईंना मेंदीने गारवा होतो, शिंका सुरू होतात. म्हणून त्यांना भर दुपारी दोन तास आणि मला तीन-चार, असं ठरलं. डोक्याला प्लॅस्टिकची टोपी मात्र दोघींनाही हवी, कारण वाळलेली मेंदी रंग देत नाही, नुसती केस ओढते.

धुताना शाम्पू नाही. आधी भरपूर पाणी, मग कंडिशनर, म्हणजे भुगा सुटतो. पहिल्यांदा आरशात बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे काय गाजर केलंस माझं!"

"आई, मंगळवारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

मंगळवारी तोच रंग बराच खाली बसला होता. हवा लागून मेंदी दोन-तीन दिवस गडद होत राहते. त्या जुड्याही मी खिडकीत ठेवल्या होत्या, त्याही तशाच मुरल्या. धुतल्या धुतल्या दिसतो तो रंग खरा समजू नये आणि लगेच दुसरा थर चढवायला बसू नये.

तपकिरी छटा हवी असेल तर इंडिगो पावडर घालावी लागते. ती वेगळी, साध्या कोमट पाण्यात, लिंबाशिवाय भिजवायची आणि दहा-पंधरा मिनिटांत मेंदीत मिसळून लगेच लावायची. ती रात्रभर ठेवली तर तिच्यातला जोर जातो. गडद काळ्याच्या जवळ जायचं तर आधी मेंदी, ती धुऊन मग वर इंडिगो. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसते, ती नंतर जाते. या दोन्हींशिवाय तासाभरात काळेभोर करणारी 'काळी मेंदी' मिळाली तर पाकिटावर पीपीडी हा शब्द शोधावा. काहींना त्याची जबर ॲलर्जी येते. तो रंग मेंदीचा नव्हेच.

दर वेळी सगळ्या केसांना मेंदी लावली तर थरावर थर चढतो. माझ्या वेणीची टोकं अशीच काळपट लाल झाली. आता महिन्याने मेंदी भिजवते ती 40-50 ग्रॅम, आणि लावते फक्त मुळांना, जुन्या रंगाच्या कडेपर्यंत.