मुलाखतीआधीचे दोन प्रश्न

पेढीवर कोण कोणाला उत्तरदायी आहे, हे विचारावे लागत नाही. मुनीम हिशेब शेठजींना दाखवतो आणि गुमास्ते मुनीमजींचे ऐकतात. दुकानात पाऊल टाकणाऱ्या गिऱ्हाइकालाही हे दोन मिनिटांत उमगते. पेढीवर वाढलेली मुले-मुली नोकरीकडे वळली, की तेथेही असेच असेल असे गृहीत धरतात. कल्याणच्या बाजारपेठेत वडिलांची कापडाची पेढी असलेल्या आणि लग्नानंतर डोंबिवलीत राहणाऱ्या एका मुलीला हे गृहीतक एकदा महागात पडले होते.

ती चार्टर्ड अकाउंटंट आहे. पहिली मोठी नोकरी तिने 'मॅनेजर, अंतर्गत लेखापरीक्षण' या पदनामावर भाळून स्वीकारली. रुजू झाल्यावर कळले, की तिच्या हाताखाली एकही माणूस नव्हता आणि तिचे वरिष्ठ म्हणजे लेखाविभागाचेच प्रमुख. ज्यांच्या वह्या तपासायच्या, तेच तिचा अहवाल आधी वाचत, त्यातील बोचणारे मुद्दे काढायला लावत आणि वर्षअखेरीस तिच्या कामाला गुणही देत. अकरा महिन्यांत तिने ती नोकरी सोडली. त्यानंतर प्रत्येक मुलाखतीत "इतक्या लवकर का सोडलीत?" हा प्रश्न तिच्यासमोर येत राहिला.

म्हणून यंदा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कंपनीसाठी कन्सल्टंटचा फोन आला, तेव्हा तिने होकार दिला, पण घाई केली नाही. घरगुती वस्तूंची दुकाने चालवणारी ही कंपनी. पद पुन्हा तेच, अंतर्गत लेखापरीक्षणाच्या मॅनेजरचे. मुलाखत कामाच्या दिवशी सकाळी अकराला, म्हणजे रजा टाकणे आले. चार वर्षांच्या मुलीची दिवसभराची सोय करणे आले. तिने कन्सल्टंटला ईमेल पाठवला. आशय इतकाच होता: दिलेली वेळ मान्य आहे. त्याआधी दोन गोष्टी लेखी कळवाव्यात. हे पद कोणत्या पदाला उत्तरदायी असेल आणि वार्षिक मूल्यमापन कोण करील? या पदाच्या हाताखाली आज प्रत्यक्ष किती माणसे आहेत?

कन्सल्टंटचा लगेच फोन आला. "मॅडम, रिपोर्टिंग थेट मॅनेजमेंटला आहे, टीम सात जणांची आहे. बाकीचं तुम्ही तिथंच विचारा ना."

हे उत्तर ऐकायला चांगले, पण त्यातून हाती काही लागत नाही. 'मॅनेजमेंट' हे कोणाचेच पद नसते. कन्सल्टंट खोटे बोलत होता असेही नाही. त्याला मोबदला कंपनी देते, तोही बहुधा उमेदवार रुजू झाल्यावर. त्यामुळे मुलाखत व्हावी याकडे त्याचा ओढा असतो आणि पुष्कळदा त्याला याहून जास्त माहीतच नसते. तिने शांतपणे सांगितले, "सर, कंपनीने तुम्हाला पदाचं वर्णन पाठवलं असेल, त्यात वरिष्ठाचं पद लिहिलेलं असतं. नसेल तर एचआरकडून मागवून घ्या. आणि सात जणांत कंपनीच्या पटावरचे किती, तेवढं विचारा. मी मुलाखतीला येणारच आहे, फक्त तयारीनं येऊ इच्छिते."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते. प्रश्न विचारणारा उमेदवार टाळाटाळ करतो आहे, असे एचआरला वाटले तर उत्तर येत नाही. शिवाय तिने पगार, सुट्ट्या, घरून काम यांतले काहीच त्यात मिसळले नाही. दोन प्रश्नांना कोणीही पाच मिनिटांत उत्तर देतो, दहा प्रश्नांची यादी मात्र बाजूला पडते.

दोन दिवसांनी लेखी उत्तर आले. पद अर्थप्रमुखांना उत्तरदायी आणि मूल्यमापनही त्यांचेच. सात जणांपैकी पटावर तीन, दोन बाहेरच्या लेखापरीक्षण संस्थेचे आणि दोन जागा रिक्त. त्या रिक्त जागांपैकी एकीला मंजुरी मिळालेली, दुसरी अजून प्रस्तावात. सातांचे तीन झाले!

रात्री जेवणानंतर ती कागद घेऊन बसली. कंपनीची ४८ दुकाने असल्याचे संकेतस्थळावर दिसत होते. एका दुकानाचा माल आणि वह्या तपासायला दोन माणसांना पाच दिवस लागतात, हा तिचा अनुभव. म्हणजे वर्षातून एकदाच फेरी केली तरी ४८० मनुष्यदिवस. बाहेरच्या संस्थेची माणसे मुख्य कार्यालयाच्या कामासाठी येतात, असे त्या उत्तरात होते. राहिले तिघे. प्रत्येकाच्या वाट्याला १६० दिवस, महिन्याला तेरांहून जास्त दिवस दौरा. अहवाल लिहिणे, त्रुटींचा पाठपुरावा करणे हे वेगळेच. इतके निभणार नाही, म्हणजे चौथी व्यक्ती तीच. मग प्रत्येकी १२० दिवस, महिन्याला दहा. 'मॅनेजर' या शब्दामागे महिन्यातले दहा दिवस घराबाहेर राहणे होते. दोन्ही रिक्त जागा भरल्या असत्या, तर पाच सहकाऱ्यांत हे काम बसले असते आणि तिला बहुतेक दिवस ठाण्यातच राहता आले असते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. दुकानांचा हिशेब अर्थप्रमुखांकडे आणि तो तपासणारीही त्यांच्याच हाताखाली. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ च्या परिपत्रकात हा धागा तोडला. अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रमुख संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीला, सर्वोच्च पदावरील अधिकाऱ्याला किंवा पूर्णवेळ संचालकाला उत्तरदायी असावा आणि व्यवसाय-विभागांशी त्याचे तसले नाते नसावे, असा त्याचा आशय होता. हे परिपत्रक दुकाने चालवणाऱ्या कंपनीसाठी नव्हते. पण त्यामागचे कारण तिथेही तितकेच खरे आहे आणि तिने ते एकदा भोगले होते. रजा, प्रवासखर्च यांसाठी अर्थप्रमुखांची सही असायला हरकत नाही. अहवाल मात्र त्यांच्या मेजावर अडता कामा नये.

मुलाखतीला ती गेली. आपली माहिती सांगून झाल्यावर तिने एकच गोष्ट विचारली, "गेल्या वर्षीचा अहवाल संचालकांसमोर कोणी मांडला?" समोरचे क्षणभर थांबले. तो अर्थप्रमुखांनीच मांडला होता. पण समोर बसलेल्या एका संचालकांनी विषय उचलला आणि चर्चा तिथून पुढे त्याच मुद्द्यावर झाली. त्यांनाही आपल्या दुकानांतील खरी स्थिती थेट ऐकायची होती.

पुढे नेमणूकपत्र आले. रिपोर्टिंगच्या कलमात अर्थप्रमुखांचे पद होते आणि 'किंवा कंपनी वेळोवेळी ठरवील ती व्यक्ती' ही नेहमीची पुस्तीही होती. त्या पुस्तीमुळे आधीची खातरजमा कायमची हमी ठरत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने एका वाक्याची भर मागितली: तिमाही अहवाल ती स्वतः संचालक मंडळासमोर मांडील. ती मान्य झाली. प्रस्तावित जागेबद्दल मात्र कंपनीने लेखी काही दिले नाही.

त्यामुळे निर्णय घरात व्हायचा होता. तिने तो कागद सासूबाईंसमोर ठेवला, त्यावर १२० हा आकडा अधोरेखित केलेला. त्यांनी मुलीच्या शाळेच्या वेळा विचारल्या, महिन्यातले दहा दिवस मोजले आणि म्हणाल्या, "एवढं मी बघेन. पण दुसरा माणूस कधी येतो, ते त्यांना दर महिन्याला विचारत जा."

ती रुजू झाली तेव्हा हाताखाली तीनच माणसे होती. पहिल्या महिन्यात तिचा दौरा नऊ दिवसांचा झाला. घरात कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नाही.